वणीच्या गडाआधी बसमालकाला पाठवायचा निरोप

‘टायर चांगले आहेत ना?’ असं विचारलं की उत्तर नेहमी ‘हो’ येतं. त्यामुळे आमच्या सप्तशृंगी गडाच्या सहलीआधी मी चार दिवस अगोदरच हा मेसेज पाठवते:

‘नमस्कार दादा, शुक्रवारी पहाटे ५ ला निघायचंय, नांदुरीचा घाट आहे. ठरलेल्या गाडीच्या सहाही टायरांचे आणि स्टेपनीचे फोटो आज पाठवा. बाजूवरचा चार आकडी तारखेचा शिक्का दिसू द्या. पुढच्या चाकांना रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेले टायर नको. मागच्या जोडीतल्या आतल्या टायरची हवा गाडी थंड असताना गेजने मोजून घ्या. स्टेपनी एकदा खाली उतरवून बघा. जॅक, पाना गाडीतच ठेवा.’

शिक्क्यावर २३१९ असेल, तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी खोल दिसली तरी जुन्या रबराला बाजूने बारीक भेगा पडलेल्या असतात, त्या फोटोत शोधा. नक्षीच्या खाचांत तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, की टायर संपला.

आतल्या टायरवर माझा जास्त भर असतो. त्यातली हवा उतरली तरी बाहेरचा टायर गाडी उचलून धरतो, म्हणून बाहेरून काही कळत नाही. मग सगळा भार एकट्या बाहेरच्यावर येतो, तो तापतो आणि भरल्या गाडीत फुटू शकतो.

स्टेपनी उतरवायला सांगते, कारण गाडीखालचे तिचे नट गंजून बसलेले असतात. ते घाटात, अंधारात कळायला नको. निघायच्या दिवशी गाडीचा नंबर फोटोंशी जुळवून मगच सामान चढवा.