डक्टच्या आडव्या भागातला तेलाचा थर

आमच्या उपाहारगृहात शेगडीवरच्या हुडच्या जाळ्या रोज धुतल्या जात, तरीही धूर बाहेर नेणाऱ्या डक्टच्या सांध्यातून तेलकट थेंब ओघळू लागले, म्हणून छतामागच्या आडव्या भागात, वळणाजवळ, तपासणीचे झाकण बसवून घेतले. तिथे वाफ थंडावून तेल साचते. थर 2 मिलिमीटरहून जाड निघाला, आणि कढईतला भडका जाळी ओलांडून गेला असता तर तो दृष्टीआड पेटला असता. गॅस व पंखा बंद करून थर खरवडला आणि पत्रा अल्कधर्मी द्रावणाने व गरम पाण्याने स्वच्छ केला. कोळशाच्या तंदूरमधून ठिणग्याही वर जातात, त्यामुळे त्याचा स्वतंत्र डक्ट आता दरमहा तपासला जातो आणि तळणाचा दर तीन महिन्यांनी. मात्र थर 2 मिलिमीटर आढळताच तारखेची वाट न पाहता सफाई होते.