फी सवलतीचा अर्ज परत आला, मग काय बदललं

‘मी राज्यस्तरीय खो-खो खेळाडू आहे, तरी फी माफ करावी’ एवढ्या ओळीवर अर्ज कार्यालयातून परत आला. चूक ‘फी’ या शब्दातच होती. पावतीत शिकवणी शुल्क, जिमखाना, ग्रंथालय, परीक्षा अशी वेगवेगळी कलमं असतात. परीक्षा शुल्क विद्यापीठाकडे जातं, ते प्राचार्यांच्या हातात नसतं. सगळंच माफ करा म्हटलं की लेखनिक अर्ज बाजूला ठेवतो.

दुसऱ्या अर्जाचा गाभा असा होता:

‘मा. प्राचार्य महोदय, मी प्रथम वर्ष कला शाखेत शिकतो. क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या राज्यस्तरीय शालेय खो-खो स्पर्धेत, १९ वर्षांखालील गटात, माझ्या संघाला तिसरा क्रमांक मिळाला. चालू वर्षाच्या ८,००० रुपये शिकवणी शुल्कात ५० टक्के सवलत द्यावी आणि उरलेले ४,००० रुपये दोन हप्त्यांत भरू द्यावेत, ही विनंती.’

प्रमाणपत्रावर ‘सहभाग’ आहे की ‘क्रमांक’, हे आधी नीट वाचा. सहभागाला प्रावीण्य म्हटलं की मूळ प्रत तपासताना अर्ज तिथेच पडतो. नावही गुणपत्रिकेशी जुळलं पाहिजे, कारण वडिलांचं नाव गळलेलं प्रमाणपत्र हमखास अडतं.

सोबत प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत, फीची पावती आणि महाविद्यालयाच्या क्रीडा संचालकांची शिफारस जोडली. शिफारस आधी घ्यावी, कारण प्राचार्य बहुधा अर्ज त्यांच्याकडेच अभिप्रायाला पाठवतात आणि त्यात आठवडा जातो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मात्र मागून घ्यायचाच.