बडोद्यात नवीन आलात? ओळख झाल्यानंतरचा पहिला मेल

मी सांगलीहून बडोद्यात आलो त्याला आता सोळा वर्षं झाली. पंप आणि पंपांची मेकॅनिकल सील विकणं हे माझं काम. दरवर्षी पुण्या-नाशकाकडून विक्रीच्या नोकरीवर चार-पाच मुलं इथे येतात आणि कुणाच्या तरी ओळखीनं माझ्याकडे पोचतात. खोली, गॅस, मुलांची शाळा यांची काळजी करू नका. दांडिया बाजारात कुठल्याही मराठी घरी विचारलंत तरी मार्ग निघतो. ही मुलं अडकतात ती वेगळ्याच ठिकाणी. VCCI किंवा FGI या इथल्या उद्योजकांच्या संघटनांच्या एखाद्या कार्यक्रमात छान गप्पा होतात, कार्ड मिळतं, आणि दुसऱ्या दिवशी जो मेल जातो त्यानं ती ओळख तिथेच संपते.

माझ्या पहिल्याच वर्षी असं झालं. एका केमिकल कारखान्याचे मेंटेनन्स मॅनेजर चहाच्या टेबलाशी भेटले. त्यांच्या कॉस्टिक सोड्याच्या पंपाचं सील दर तीन महिन्यांनी गळत होतं. बोलता बोलता ते म्हणाले, सध्याचा सप्लायर फोनही उचलत नाही. मला वाटलं, हीच आपली संधी. दुसऱ्या दिवशी मेलची सुरुवातच केली : ‘काल आपण म्हणालात की सध्याचा सप्लायर लक्ष देत नाही, त्या संदर्भात...’ आपण त्यांचं बोलणं किती नीट ऐकलं ते त्यांना कळावं, एवढाच माझा हेतू होता.

त्यांनी तो मेल परचेसकडे पुढे पाठवला. इथे मॅनेजर स्वतः काही विकत घेत नाही, परचेसला सांगतो. परचेसमधल्या कुणीतरी दर विचारायला तोच मेल जुन्या सप्लायरकडे टाकला, खालचा मजकूर न पुसता. तो सप्लायर कारखान्याच्या मालकांच्या घरोब्यातला निघाला. चार दिवसांनी मॅनेजरांचा फोन आला. आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाले, ‘तमे तो लखी ज नाख्युं!’ तुम्ही तर लिहूनच टाकलंत. त्या कंपनीच्या व्हेंडर यादीत नाव लागायला मला पुढे तीन वर्षं लागली.

म्हणून सगळ्यात आधी हे ऐका. बोलण्याची आठवण करून द्यायची ती यंत्राची द्यायची, माणसांची नाही. कुणाबद्दलची तक्रार, साहेबांवरचा राग, बजेट किती शिल्लक आहे, कोण नोकरी सोडणार आहे, हे चहाबरोबर ऐकलं आणि तिथेच राहिलं. तुमचा मेल किमान तीन माणसं वाचणार, आणि त्यातली दोन त्या टेबलाशी नव्हती, हे धरूनच प्रत्येक ओळ लिहा. पाठवण्याआधी तो त्या जुन्या सप्लायरच्या डोळ्यांनी एकदा वाचा. त्याला झोंबेल असं वाक्य सापडलं तर काढून टाका.

आता आठवण नेमकी राहावी कशी? कार्यक्रमातून बाहेर पडलात की गाडी काढण्याआधी, पार्किंगमध्येच उभं राहून कार्डाच्या मागे तीन गोष्टी लिहा : कुठलं यंत्र, काय अडचण, आणि मी काय द्यायचं कबूल केलं. कार्ड गुळगुळीत असेल आणि पेन उमटत नसेल तर कार्डाचा फोटो काढून फोनमध्ये टिपून ठेवा. घरी जाऊन लिहू म्हणालात तर दोन माणसांचं बोलणं एकमेकांत मिसळतं. आमच्या धंद्यात कॉस्टिक ३२ टक्क्यांचं असतं आणि ४८ टक्क्यांचंही असतं. एकाचा आकडा दुसऱ्याला लिहिलात तर समोरच्याला लगेच कळतं की हा वीस जणांशी बोलला आणि त्याला मी आठवत नाही. आकड्याची खात्री नसेल तर सरळ विचारा : ‘आपण ४८ टक्के म्हणालात ना?’ त्यात काही कमीपणा नाही.

आज तोच प्रसंग आला तर मी काय लिहीन ते खाली देतो. इथे कामाचा मेल इंग्रजीतच जातो, त्यामुळे तुम्हीही इंग्रजीतच लिहा. मी मजकूर मराठीत सांगतो.

विषय : कॉस्टिक पंपाचं सील, काल अलकापुरीत बोललो ते

‘नमस्ते अमुकभाई,

काल कार्यक्रमानंतर चहाच्या टेबलाशी आपण कॉस्टिक ट्रान्स्फर पंपाबद्दल बोललो. सील साधारण तीन महिने टिकतं आणि काढल्यावर सीलच्या फेसजवळ पांढरा थर दिसतो, असं आपण सांगितलंत.

थर हवेच्या बाजूला असेल तर नवीन सील घेण्याआधी क्वेंचची सोय तपासणं बरं. प्लॅन ६२ चं एक पानी रेखाचित्र पाठवतो म्हणालो होतो, ते जोडलं आहे.

एकच माहिती हवी होती : ग्लँड प्लेटवर क्वेंचचं छिद्र आहे का, आणि त्याला लाइन जोडलेली आहे का? फोनवरून काढलेला फोटोही चालेल.’

खाली माझं नाव, कंपनी, मोबाइल नंबर. संपलं.

यात भेटीची जागा आणि अडचण पहिल्याच ओळींत आली, त्यामुळे त्यांना चेहरा आठवतो. पांढऱ्या थराचा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण ती गोष्ट फक्त त्यांनी मला सांगितली होती. कॉस्टिक हवेला लागलं की सीलच्या बाहेरच्या बाजूला त्याचे खडे जमतात, सीलचे फेस, म्हणजे एकमेकांवर घासणारे सपाट पृष्ठभाग, नीट टेकत नाहीत आणि गळती सुरू होते. प्लॅन ६२ म्हणजे त्या बाजूला बाहेरून थोडं पाणी किंवा वाफ देऊन ती जागा धुतलेली ठेवणं, तेच क्वेंच. ज्याला हे कळतं तो माणूस मेल ठेवून देतो. आणि हाच मेल जुन्या सप्लायरनं वाचला तरी त्यात त्याच्याबद्दल एक अक्षर सापडणार नाही.

प्रश्न एकच ठेवला, आणि उत्तर पंपापाशी उभं राहून दोन मिनिटांत देता येईल असा. शाफ्टचं माप, दाब, तापमान, फेऱ्या, मटेरियल असा सगळा डेटाशीट पहिल्याच मेलमध्ये मागितलात तर तो ‘नंतर भरू’ म्हणून राहून जातो. सीलचं मोजमाप लागणारच आहे, पण ते दुसऱ्या मेलमध्ये.

दर, कॅटलॉग आणि ‘भेटीची वेळ द्या’ हे पहिल्या मेलमध्ये नको. जोडलेली फाइल एका पानाची ठेवा. जीमेल २५ एमबीपर्यंत पाठवू देतं, पण कारखान्यांच्या सर्व्हरची मर्यादा बरेचदा त्याहून कमी असते, आणि ड्राइव्हची लिंक प्लांटच्या कॉम्प्युटरवर उघडत नाही. वीस जणांना एकच मेल, आणि सगळ्यांचे पत्ते सीसीमध्ये, हे तर कधीच करू नका. त्या यादीत एकमेकांचे स्पर्धक असतात.

आता गुजराती बोलण्याबद्दल, कारण आपल्याकडची मुलं इथे हमखास घसरतात. आपण मराठी माणसं तोंडावर नाही म्हणतो. इथे तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही. ‘जोईशुं’ म्हणजे बघू. ‘चोक्कस’ म्हणजे नक्की, पण गप्पांमध्ये त्याचा अर्थ पुष्कळदा फक्त ‘तुमचं ऐकलं’ एवढाच असतो. मागच्या वर्षी एका मुलानं लिहिलं, ‘आपण ट्रायल ऑर्डर द्यायचं मान्य केलंत, त्यानुसार कोटेशन जोडत आहे.’ समोरचे फक्त ‘जोईशुं’ म्हणाले होते. लेखी आल्यावर त्यांना ते बांधून घातल्यासारखं वाटलं आणि त्यांनी उत्तर दिलं नाही. मी त्या मुलाला एवढंच सांगितलं की आपण काय कबूल केलं ते लिही, त्यांनी काय कबूल केलं ते लिहू नकोस.

नाव कसं लिहायचं? ‘मिस्टर पटेल’ नको, त्या संध्याकाळी खोलीत दहा पटेल होते. पहिलं नाव आणि पुढे भाई, हेच इथे आदराचं आहे, वयानं मोठ्यांनाही. बाईंना बेन, पण त्यांनी स्वतःची ओळख नुसत्या नावानं किंवा मॅडम म्हणून करून दिली असेल तर तसंच. कार्डावर आडनाव आधी छापलेलं असू शकतं, म्हणून पहिला शब्द डोळे मिटून उचलू नका. आणि सुरुवातीला ‘जय श्रीकृष्ण’ घालून जवळीक दाखवू नका. समोरचे जैन असतील तर ‘जय जिनेंद्र’ म्हणतील. नमस्ते सगळ्यांना चालतं.

वेळ म्हणाल तर भेटीनंतरच्या पहिल्याच कामाच्या दिवशी, दुपारच्या जेवणाआधी. त्याच रात्री व्हॉट्सॲपवर नाव आणि कुठे भेटलो याची एक ओळ टाकलीत तर चांगलंच, पण त्यावर भागवू नका, परचेसकडे पुढे जातो तो मेलच. नवरात्रात बडोदं रात्रभर जागं असतं, तेव्हा सकाळचे मेल मागे पडतात. दिवाळीत बंद झालेली ऑफिसं बरेचदा लाभपंचमीलाच उघडतात. मधल्या दिवसांत लिहिलेला मेल शंभर शुभेच्छांखाली जातो. उत्तरायणाचे १४ आणि १५ जानेवारी हे दोन्ही दिवस सोडून द्या, सगळं शहर गच्चीवर असतं.

इथल्या जुन्या मराठी लोकांबद्दलही सांगतो. गायकवाडांच्या काळापासूनची घरं आहेत, माणसं मनापासून मदत करतात. पण ते ‘माझं नाव सांग, काम होईल’ म्हणाले तरी ते नाव मेलमध्ये टाकण्याआधी त्यांना परत एकदा विचारा. तोंडी वापरलेलं नाव आणि लेखी वापरलेलं नाव यात फरक असतो, आणि त्यांचा त्या कारखान्याशी काय इतिहास आहे ते तुम्हाला माहीत नसतं.

उत्तर नाही आलं तर आठ-दहा दिवस थांबा. मग त्याच मेलला रिप्लाय करून एक नवी उपयोगी गोष्ट द्या, जसं क्वेंचला पाणी साधारण कुठून घ्यायचं याचं छोटं रेखाचित्र. ‘माझा मेल मिळाला का’ एवढंच विचारू नका. त्यानंतरही शांत राहिले तर पुढच्या कार्यक्रमात भेटतीलच, तेव्हा मेलचा विषय तुम्ही काढू नका. माझ्या बाबतीत तीन वर्षांनी तेच मॅनेजर अशाच एका संध्याकाळी समोर आले, आणि पंपाचं त्यांनीच विचारलं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी वरचाच मेल लिहिला. दुपारी चारला त्यांचा फोटो आला : ग्लँड प्लेटवर क्वेंचचं छिद्र होतं आणि त्यात प्लग बसवलेला होता.