दोघांचं सादरीकरण एकसंध कसं झालं

प्रकल्प माती कोरडी पडली की आपोआप सुरू होणाऱ्या पंपाचा, वेळ सहा मिनिटं, बोलणारे दोघं. आधी अर्धं-अर्धं वाटून घेतलं होतं. मग मध्येच "आता पुढची माहिती माझा मित्र सांगेल" आणि पुन्हा नव्याने नमस्कार! ऐकणाऱ्याला दोन वेगळी भाषणं वाटायची.

दुरुस्ती एवढीच केली की सूत्रं फक्त चार वेळा हातात द्यायची, आणि देताना नाव न घेता प्रश्न सोडायचा. पहिली म्हणते, "माती कोरडी आहे हे पंपाला कळणार कसं?" दुसरा लगेच सेन्सरच्या दोन दांड्या कुंडीत खोचत म्हणतो, "या दांड्यांमधून. ओल्या मातीतून वीज सहज जाते, कोरडीतून अडते." तो बोलत असताना ती तांब्या घेऊन तयार असते. "आता पाणी घालूया" हे शब्द आले की पाणी ओतते आणि पंप थांबतो. गप्प असलेल्यालाही असं काम लिहून द्यावंच, नाहीतर तो छताकडे बघत उभा राहतो.

प्रत्येकाच्या कागदावर जोडीदाराचं शेवटचं वाक्य लाल शाईने हवं. ते वाक्य शब्दशः तेच राहिलं पाहिजे. बाकीचं आपल्या शब्दांत बोललं तरी चालतं. सराव करताना सगळं भाषण म्हणू नका. जिथे बोलणारा बदलतो त्या सांध्याच्या अलीकडची दोन आणि पलीकडची दोन वाक्यं दहादा म्हणा, मोबाईलवर रेकॉर्ड करा. मध्ये दोन सेकंदांहून जास्त शांतता आली तर बहुधा प्रश्न लांबलाय. तो आठ-दहा शब्दांत बसवा.