सवलतीच्या कर्जावर शीतगृह: एपीव्ही मांडण्याआधीची तयारी

कृषी पायाभूत सुविधा निधीतून कर्ज घेऊन शीतगृह उभारायचे असेल, तर प्रकल्प किती मूल्य देतो आणि सरकारी सवलत किती देते, हे दोन आकडे वेगळे दिसले पाहिजेत. अॅडजस्टेड प्रेझेंट व्हॅल्यू, म्हणजे एपीव्ही, त्यासाठीच वापरायची. आधी कर्ज नाहीच असे धरून प्रकल्पाचे निव्वळ वर्तमान मूल्य काढायचे. मग कर्जामुळे वाचणारा कर, म्हणजे टॅक्स शील्ड, आणि व्याज सवलतीचे मूल्य त्यात मिळवायचे, आणि कर्ज उभारण्याचा खर्च वजा करायचा.

उदाहरणाला निफाड तालुक्यातले एक कल्पित शीतगृह घेऊ. मालक खासगी कंपनी आहे, खर्च ३ कोटी, त्यातले कर्ज २ कोटी. बँकेचा दर ९ टक्के. योजनेत २ कोटींपर्यंतच्या कर्जावर वर्षाला ३ टक्के व्याज सवलत जास्तीत जास्त सात वर्षे मिळते, म्हणून कंपनीला प्रत्यक्षात ६ टक्के पडतात. परतफेड पाच वर्षांत, दरवर्षी मुद्दलाचे ४० लाख. कर २५.१७ टक्के.

पहिले काम म्हणजे बँकेला दिलेला प्रकल्प अहवाल उघडून त्यातला कर्जाचा हात पुसून टाकणे. अहवालातल्या प्रकल्प खर्चात बांधकाम काळातले व्याज बहुतेक वेळा मिळवलेले असते. ते काढा. खेळत्या भांडवलाची रक्कम मात्र राहू द्या, कारण ती कर्ज असो वा नसो, लागतेच. नफा-तोट्याच्या पत्रकातून व्याजाची ओळ काढा आणि कर पुन्हा मोजा. व्याज काढून कर तसाच ठेवला तर टॅक्स शील्ड गुपचूप मूळ आकड्यात शिरते आणि पुढे दुसऱ्यांदा मोजली जाते. दुसरे भांडवली अनुदान मिळणार असेल तर त्याची जागा इथेच, प्रकल्प खर्चात आणि घसाऱ्यात; व्याज सवलतीच्या ओळीत नाही.

आपल्या उदाहरणात असा स्वच्छ केलेला, करानंतरचा रोखप्रवाह दहा वर्षे दरसाल ५५ लाख धरला आहे. वटाव दर १४ टक्के, म्हणजे कर्ज अजिबात नसते तर अशा धंद्यात भांडवल घालणाऱ्याने मागितला असता तो परतावा. दहा वर्षांचे वर्तमान मूल्य २८६.८९ लाख येते, त्यातून ३०० लाख वजा जाता उणे १३.११ लाख. एक्सेलमध्ये `NPV` हे फंक्शन पहिल्या आकड्यालाही एक वर्षाचा वटाव लावते, त्यामुळे सुरुवातीचे ३०० लाख कंसाबाहेर ठेवा.

दुसरे काम: बाजारदर ठरवणे. इथे सर्वात जास्त घाई होते. सवलतीचे मूल्य म्हणजे हेच कर्ज, हीच मुदत आणि हेच तारण घेऊन योजनेबाहेर मागितले असते तर पडला असता तो दर आणि प्रत्यक्षात पडणारा दर यांतला फरक. बँकेने ९ टक्के खास योजनेसाठी लावले असतील आणि एरवी तिने १०.५ टक्के घेतले असते, तर फरक ३ नव्हे, ४.५ टक्क्यांचा होतो. मात्र त्यासाठी लेखी पुरावा हवा: दुसऱ्या बँकेचे दरपत्रक किंवा स्वतःच्या जुन्या मुदत कर्जाचे मंजुरीपत्र. तोवर ९ टक्केच धरा. आणि वटाव याच बाजारदराने लावा, सवलतीच्या ६ टक्क्यांनी नव्हे. ६ टक्क्यांनी वटवले तर कर्जाचे वर्तमान मूल्य बरोबर २०० लाख येते आणि सवलत कागदावरून नाहीशी होते. उत्तर शून्य आले की ही चूक झाली असे समजा.

वर्षाच्या सुरुवातीची थकबाकी २००, १६०, १२०, ८० आणि ४० लाख. तिच्यावर ३ टक्के म्हणजे वाचलेले व्याज ६, ४.८, ३.६, २.४ आणि १.२ लाख. ९ टक्क्यांनी वटवून बेरीज १४.८० लाख.

टॅक्स शील्ड मोजताना व्याज ६ टक्क्यांचेच धरायचे. बँक आधी ९ टक्क्यांनी व्याज लावते आणि सवलत नंतर खात्यात जमा होते, म्हणून अनेक जण खात्याच्या उताऱ्यावरचे पूर्ण व्याज उचलतात. पण जमा झालेली सवलत उत्पन्नात धरा किंवा व्याजखर्चातून वजा करा, कर निव्वळ व्याजावरच वाचतो. ते व्याज १२, ९.६, ७.२, ४.८ आणि २.४ लाख, त्यावरच्या करबचतीचे वर्तमान मूल्य ७.४५ लाख. ९ टक्क्यांवर मोजले असते तर ११.१८ लाख आले असते, म्हणजे ३.७३ लाख फुकटचे फुगले असते.

करबचत प्रत्यक्ष वापरता येते का, हेही सीएकडून वर्षागणिक तपासून घ्या. सुरुवातीला घसारा मोठा असतो. पहिली दोन वर्षे करपात्र नफाच नसेल आणि ती बचत तिसऱ्या वर्षी हाती आली, तर आपल्या उदाहरणात सुमारे ६० हजारांची घट होते, फार नाही. पण कर्जदार गावची विकास सोसायटी असेल आणि वजावटीमुळे तिला कर लागतच नसेल, तर टॅक्स शील्डची ओळ थेट शून्य करावी लागते.

प्रक्रिया शुल्क, गहाणखत, मूल्यांकन आणि वकिलाची फी मिळून २ लाख धरले, तर बेरीज अशी: उणे १३.११, अधिक ७.४५, अधिक १४.८०, उणे २. एपीव्ही ७.१४ लाख.

आता हाच हिशेब सवलत मिळालीच नाही असे धरून पुन्हा करा. तयारीतला हा भाग कधीही वगळू नये. व्याज पूर्ण ९ टक्के पडते, टॅक्स शील्ड ११.१८ लाख होते आणि एपीव्ही उणे ३.९३ लाखांवर येतो. म्हणजे हे शीतगृह स्वतःच्या भाड्यावर उभे नाही, सवलतीवर उभे आहे. सरासरी भांडवल खर्चाच्या पद्धतीत हे दिसलेच नसते. तिथे कर्जाला ६ टक्के, त्यातून करबचत वजा, भांडवलाला १४ टक्के आणि दोन तृतीयांश कर्ज असे वजन टाकले की दर ७.६६ टक्के येतो आणि निव्वळ मूल्य चक्क ७५ लाखांच्या आसपास जाते. त्यात दोन चुका आहेत. कर्ज पाच वर्षांत संपते, पण दर मात्र दहाही वर्षांना लावला. शिवाय इतके कर्ज डोक्यावर असताना मालकाची जोखीम वाढते, तरी त्याचा परतावा १४ वरच ठेवला.

प्रकल्प सवलतीवर उभा असल्यामुळे शेवटची तयारी कागदांची आहे. सवलतीची रक्कम दर किती महिन्यांनी जमा होते, मुद्दल फेडण्याआधीची सवड सात वर्षांत मोजली जाते का, हप्ता थकला तर त्या काळाची सवलत जाते का, ही तीन उत्तरे बँकेकडून लेखी घ्या. प्रत्येक वर्षाची सवलत वर्षभर उशिरा आली तरी १४.८० चे १३.५८ लाख होतात, म्हणजे ७.१४ मधले १.२२ लाख फक्त उशिरानेच जातात.