लहान एजन्सीचं प्रपोजल: रिटेनरचा आकडा कसा काढायचा

क्लायंटचं सोशल मीडिया आणि जाहिराती सांभाळणाऱ्या नव्या एजन्सीच्या प्रपोजलमध्ये रिटेनरचे, म्हणजे दरमहा ठरलेल्या फीचे, बहुधा तीन रकाने असतात. बेसिकमध्ये ८ पोस्ट, स्टँडर्डमध्ये १२, प्रीमियममध्ये २०, आणि प्रत्येकाखाली एक गोल आकडा. तो आकडा कसा आला असं विचारलं, तर उत्तर मिळतं, ‘बाकीचे एवढेच घेतात.’ बाकीच्यांकडे किती माणसं आहेत, ते शूट स्वतः करतात की क्लायंटकडून क्लिप मागवतात, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. म्हणून तो आकडा आपल्या उपयोगाचा नाही.

सुरुवात स्वतःच्या तासापासून करायची. तीन जणांची एजन्सी धरू. महिन्याचे २२ दिवस, रोज ८ तास, म्हणजे एकूण ५२८ तास. यातला बराच वेळ क्लायंटच्या नावावर टाकता येत नाही, कारण नवी कामं शोधणं, प्रपोजल लिहिणं, बिलं, वसुली, रजा, नवीन माणसाला शिकवणं हेही याच तासांत होतं. ३०० तास हाती राहतात असं धरलं तर फार चुकत नाही. आता महिन्याचा सगळा खर्च मांडा. त्यात मालकाचा पगारही हवा. तो ‘उरलं तर घेऊ’ म्हणून वगळला की पुढचं सगळं गणित खोटं ठरतं. या खर्चाला ३०० ने भागलं की तासाचा खर्च निघतो. तो ७५ आला असं समजू. चलन कोणतंही असो, खालचे आकडे फक्त प्रमाण दाखवायला आहेत.

विक्रीच्या किमतीतले २५ टक्के हाती राहायला हवे असतील, तर ७५ मध्ये २५ टक्के मिळवायचे नाहीत. तसं केल्यास दर ९३.७५ येतो आणि त्यातले २० टक्केच उरतात. ७५ ला ०.७५ ने भागायचं, म्हणजे दर १०० येतो. फरक लहान वाटतो, पण तो दर महिन्याला प्रत्येक बिलात बसतो.

आता एक काम घेऊ. दातांचा एक दवाखाना आहे. त्यांना महिन्याला १२ पोस्ट हव्या आहेत, त्यातल्या ४ रील. शिवाय गूगलवरचं प्रोफाइल सांभाळायचं आणि चौकशीसाठी जाहिराती चालवायच्या. आठ डिझाइनना सव्वा तासाप्रमाणे १० तास. रीलसाठी चार तासांचं एकत्र शूट आणि प्रत्येकी दोन तास एडिटिंग, म्हणजे १२. नवखे लोक इथेच थांबतात आणि २२ तासांचं काम म्हणून किंमत सांगतात. पण महिन्याचं कॅलेंडर आणि कॅप्शन यांना ४ तास, प्रोफाइल आणि रिव्ह्यूंना उत्तरं यांना ३, जाहिरातींना ६, रिपोर्टला २, आणि फोन, मीटिंग, व्हॉट्सॲपवरची मंजुरी यांना ५ तास लागतात. बेरीज ४२. जवळजवळ निम्मं काम न दिसणारं होतं.

४२ तासांचे ४२०० झाले. खर्च ३१५०, उरतात १०५०. आणखी एक गोष्ट इथेच कळते: असे सात क्लायंट झाले की २९४ तास भरले. आठवा क्लायंट घ्यायचा तर आधी माणूस वाढवावा लागेल.

हे १०५० सगळ्यात जास्त खाल्ले जातात ते दुरुस्त्यांत. प्रपोजलमध्ये ‘दुरुस्त्या समाविष्ट’ एवढंच लिहिलेलं असतं. दोन फेऱ्या वरच्या तासांत धरल्या आहेत. तिसरी फेरी अर्ध्या तासाची पकडली, तर १२ पोस्टना ६ तास जातात आणि शिल्लक ६०० वर येते. चौथी फेरी झाली की १५० उरतात, म्हणजे महिनाभर जवळपास फुकट राबणं. म्हणून स्पष्ट लिहा: प्रत्येक पोस्टला दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, सगळे बदल एकाच व्यक्तीकडून, एकत्र. ‘एकाच व्यक्तीकडून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. डॉक्टर एक सांगतात, रिसेप्शनवरून दुसरंच येतं, आणि त्यांच्यातलं न जुळणं तुमच्या तासांतून फेडलं जातं. मंजुरीलाही मुदत हवी. दोन कामाच्या दिवसांत उत्तर नाही आलं तर पोस्ट पुढे ढकलली जाईल, फी कमी होणार नाही. राहिलेल्या पोस्ट पुढच्या एकाच महिन्यापर्यंत नेता येतील, त्यानंतर नाही. नाहीतर चौथ्या महिन्यात कुणीतरी साठलेल्या १५ पोस्ट एकदम मागतं.

जाहिरातीचा पैसा आणि तुमची फी एकाच आकड्यात कधीही घालू नका. जाहिरात खातं क्लायंटच्या नावाचं, कार्ड त्यांचं, तुम्हाला फक्त ॲक्सेस. तुमच्या कार्डावरून खर्च केला की क्लायंटचं बिल थकल्यावर त्याची जाहिरातही तुम्हीच पोसत बसता. फी जाहिरात खर्चाच्या टक्क्यांत घेण्याची पद्धत मोठ्या खर्चाला ठीक आहे, स्थानिक क्लायंटला नाही. १५ टक्के धरले आणि महिन्याचा जाहिरात खर्च २००० असला, तर ३०० मिळतात. सहा तासांच्या कामाचा खर्चच ४५० आहे. खर्च निम्मा झाला म्हणून काम निम्मं होत नाही. त्यामुळे ठरावीक किमान फी ठेवा, आणि ठरावीक खर्चाच्या वर टक्केवारी.

किमान जाहिरात बजेटही लिहून द्यावं. मेटावर एका ॲड सेटला आठवड्याला साधारण ५० रिझल्ट मिळाले तर त्याची लर्निंग फेज, म्हणजे जाहिरात कुणाला दाखवायची हे सिस्टीमने शिकण्याचा काळ, संपते. थोडंसं बजेट चार ॲड सेटमध्ये वाटलं की चारही `Learning limited` दाखवत राहतात आणि दोष एजन्सीवर येतो. आणि हो, गूगलवर पहिल्या क्रमांकाची हमी देऊ नका. ती कुणाच्याच हातात नसते.

पहिल्या महिन्याचं सेटअप वेगळं दाखवा: ॲक्सेस घेणं, ट्रॅकिंग बसवणं, डिझाइनचे टेम्पलेट, जुन्या प्रोफाइलची साफसफाई. याला १८ तास लागत असतील तर पहिला महिना ६० तासांचा होतो. ते मासिक फीमध्ये विरघळवले आणि क्लायंट दुसऱ्या महिन्यात निघून गेला, तर बहुतेक खर्च बुडाला. एकरकमी सेटअप फी, किमान तीन महिन्यांचा करार, त्यानंतर ३० दिवसांची नोटीस, आणि बिल महिना सुरू होताना. कर वेगळा आहे हे आकड्याच्या शेजारीच लिहा, शेवटच्या पानावर नको.

आता पुन्हा ते तीन रकाने. ते पोस्टच्या संख्येवर पाडले की क्लायंट एका पोस्टची किंमत काढतो आणि घासाघीस तिथूनच सुरू होते. त्यापेक्षा कामाच्या हेतूवर पाडा: पहिल्यात फक्त प्रोफाइल आणि नियमित पोस्ट, दुसऱ्यात जाहिराती आणि चौकश्यांचा हिशेब, तिसऱ्यात लँडिंग पेज आणि आलेल्या चौकश्यांचा पाठपुरावा. ‘थोडं कमी करा’ असं ऐकू आलं तर दराला हात लावायचा नाही, काम कमी करायचं. रील काढल्या तर १२ तास जातात आणि किंमत ३००० होते. क्लायंटला खरंच बजेटची अडचण असेल तर तो हे घेतो. नुसतं घासून बघत असेल तर बहुतेक वेळा रील ठेवा म्हणतो.

करार झाल्यावर तासांची नोंद ठेवा, क्लायंटवार. सलग दोन महिने ४२ ऐवजी ४८ च्या पुढे जात असेल, तर कुठल्या ओळीत वाढ झाली ते बघा. बहुधा ती ५ तासांची फोन आणि व्हॉट्सॲपची ओळ असते. किमतीचा विषय तिसऱ्या महिन्याच्या रिपोर्टसोबत काढा. त्या मीटिंगमध्ये ही नोंद समोर ठेवा आणि दोन पर्याय द्या: आठवड्यातून एकच ठरलेला कॉल, किंवा जास्तीच्या तासांसह नवी किंमत.