म्हातारपणावर अभंग लिहिताय? या चुका टाळा

आमच्या मानेवाड्याकडच्या भजनी मंडळात दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी नवीन रिटायर झालेला माणूस वही घेऊन येतो, काकाजी जरा पाहा ना म्हणतो, आणि वहीत तेच असतं. कोण कोणाचं, सगळे स्वार्थाचे सोबती, देवा आता ने. दहापैकी आठ वह्या अशाच. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रुसव्याला वैराग्य समजणं. घरच्यांवरचा राग अभंगात घातला, शेवटी पांडुरंगाचं नाव लावलं, की झाली विरक्ती असं लोकांना वाटून राहिलं. ही चूक मी स्वतः केलेली आहे, आणि मंडळातल्या सगळ्यांसमोर केलेली आहे. रिटायर होऊन वर्ष झालं होतं, आषाढी एकादशीला आपला अभंग म्हणायचा म्हणून एका रात्रीत लिहिला आणि कोणाला न दाखवता तसाच घेऊन गेलो. त्याची पहिली दोन कडवी अशी होती:

देह थकला हा । उतरली छाया ।
सरली ही माया । विठूराया ॥

कोण कोणाचे गा । लेक आणि सून ।
गेले विसरून । म्हाताऱ्याला ॥

मोजून पाहा, अक्षरं बरोबर आहेत. मोठ्या अभंगाचं माप सहा-सहा-सहा-चार, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं. छाया-माया जुळलं, सून-विसरून जुळलं, मी खूश. पण ध्रुपदाचा विचारच केला नव्हता. छापील गाथेत दुसऱ्या कडव्यापुढे ‘ध्रु.’ लिहिलेलं असतं ना, ते कडवं टाळकरी उचलतात, प्रत्येक कडव्यानंतर परत तेच येतं, आणि रंगात आले की एकेक चरण दोनदोनदा घेतात. म्हणजे लेक आणि सून विसरून गेले हे पंधरा-वीस लोकांनी टाळ-मृदंगावर दहा-बारा वेळा म्हटलं, आणि सूनबाई तिथंच मागे सगळ्यांसाठी साबुदाण्याच्या उसळीचा गंज घेऊन उभी होती. गंज खाली ठेवला आणि निघून गेली. सकाळी चहा देताना एवढंच म्हणाली, बाबा, मी काय विसरली ते सांगा, करून टाकते.

ती काही विसरली नव्हती. घरखर्चाचा हिशोब आणि कपाटाची किल्ली मी अजून स्वतःजवळ ठेवली होती, दुधाच्या पैशासाठीसुद्धा तिला मला विचारावं लागायचं, आणि ती विचारेनाशी झाली, नवऱ्याकडून घेऊ लागली, त्याचा मला राग होता. म्हणजे धरून मी बसलो होतो आणि अभंगात लिहिलं की त्यांनी सोडलं. तेव्हापासून कोणाच्याही वहीत मुलाची-सुनेची तक्रार दिसली की मी एकच विचारतो, तुमच्या हातात अजून काय आहे जे तुम्ही देऊन नाही राहिले? तुमचा अभंग तिथून सुरू होतो.

आता दुसरी गोष्ट, ती याच्यातच अडकलेली आहे. ‘सरली ही माया’. आमची सौ. त्या चरणावर जास्त दुखावली होती, सूनबाईच्या कडव्यापेक्षाही. मराठीत माया म्हणजे वेदान्तातला भ्रमही आणि आईची माया, आजीची माया तीही. पोथी वाचणारा पहिला अर्थ घेतो, घरातलं माणूस दुसरा घेते, आणि तुम्ही ‘माया सरली’ लिहिलं की बायकोला ऐकू येतं की प्रेम संपलं. जे सोडायचं आहे त्याला दुसरा शब्द आहे, मोह म्हणा, आसक्ती म्हणा, माझेपण म्हणा, मीपण म्हणा. माया तर ठेवायची आहे.

किल्ली दिली त्यानंतर महिनाभराने मी परत बसलो. पहिल्यांदा लिहिलं ‘माझेपण जाऊन’, बोटावर मोजलं तर सात. मा-झे-प-ण-जा-ऊ-न. मग ‘मीपण जाऊन’, सहा. अर्थही जास्त नेमका झाला, कारण किल्ली माझी आहे यापेक्षा मी घर चालवतो हे जास्त चिकटलेलं होतं.

देह थकला हा । उतरले ऊन ।
मीपण जाऊन । माया राहो ॥

सुनेहाती किल्ली । हात झाला रिता ।
धरी नातू आता । बोट माझे ॥

दुसरं कडवं टाळकऱ्यांनी उचललं तेव्हा दहा वेळा काय गेलं, तर नातवानं बोट धरलं. म्हणून माझी सवय सांगतो, पहिल्यांदा दुसरं कडवं लिहायचं. जे दहा वेळा ऐकायला तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांना चालेल तेच तिथं ठेवा, बाकीची कडवी त्याच्या आजूबाजूला बसवा. उपदेश तिथं टाकूच नका, तिसऱ्यांदा ऐकताना उपदेश टोचायला लागतो, चित्र नाही टोचत.

मोजण्यातली चूक. आपण बोलताना ‘हात’ एका झटक्यात म्हणतो, शेवटचा त अर्धा सोडतो, आणि लोक तसंच मोजतात. अभंगात हा-त अशी दोन अक्षरं, शेवटचा अ गाताना पूर्ण येतो. जोडाक्षर मात्र एकच, कि-ल्ली दोन. लघु-गुरूचा हिशोब इथं नाही. आणि अक्षर कमी पडलं की गा, रे, हो, बा भरू नका. माझ्या पहिल्या अभंगातला ‘कोणाचे गा’ मधला गा असाच भरलेला होता, काढून पाहा, काहीच कमी होत नाही. जो शब्द काढल्यानं काही बिघडत नाही त्याच्या जागी खरा शब्द शोधायचा, दोन दिवस लागले तर लागले. नवीन मंडळींना एका बैठकीत चार कडवी पाहिजे असतात, कोणी तर सिनेमाच्या चालीवर शब्द टाकून आणतात, तसं मी वाचतच नाही.

दुखण्यांची यादी करू नका. गुडघे, मोतीबिंदू, बीपी, साखर सगळं एका अभंगात आलं की तो दवाखान्याचा कागद होतो. एक ‘देह थकला’ पुरे.

‘देवा आता ने’ हा म्हातारपणाचा स्वीकार नाही, ती घाई आहे.

‘जाहलो’, ‘तयासी’ आणि पुढच्याच चरणात ‘टेन्शन’, असं मिसळू नका. एक भाषा धरा.

‘तुका म्हणे’ स्वतःच्या अभंगाखाली कधीच नाही. याबाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. आपल्या नावाची मुद्रा बसत नसेल तर मुद्रेशिवाय संपवा, पण संतांच्या नावावर आपलं लिहिणं खपवायचं नाही.

आणि मंडळात म्हणायच्या आधी, ज्या माणसाबद्दल लिहिलं त्यालाच वाचून दाखवा. मी सौ. मेथी निवडत असली की वाचतो. तिचे हात थांबले की तो चरण परत पाहतो. शेवटचं कडवं मी देवळावर लिहिलं होतं, तिनं ऐकलं आणि म्हणाली, एवढं देऊळ-देऊळ करता, रोज जेवायला हाक मारते ती कुठं गेली? मग ते खोडून हे आलं:

जेवायला हाक । घरातून येते ।
त्या हाकेशी नाते । पांडुरंगा ॥

यावर तिचे हात थांबले नाहीत, तेवढं एकदा परत म्हणा म्हणाली.